लाखाच्या रकान्यातले दोन हजार रुपये कुठे गेले?

पोस्ट जरा लांब आहे आणि विषय एक्सेलचा आहे. पण ज्यांच्या गावच्या ग्रुपवर विकासकामांच्या खर्चाचा तक्ता येतो, त्यावर भांडणं होतात आणि शेवटी कुणीतरी "सगळे चोर आहेत" म्हणून ग्रुप सोडून जातो, त्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी.

मी कासुर्डीचा. यवतहून लोकलने पुण्याला जातो आणि हिशेबनिसाची नोकरी करतो. दिवसभर आकड्यांतच असतो, म्हणून आमच्या भागात कुठे जमाखर्चाचा घोळ झाला की कुणी ना कुणी कागद घेऊन घरी येतं. मागे शेजारच्या एका गावातले दोन तरुण असेच आले. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाने काही चूक केली असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या मोबाईलवर पंधराव्या वित्त आयोगाच्या कामांचा तक्ता होता आणि वर लिहिलं होतं, "आकडे लाख रुपयांत". त्यांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर ती खाली छापलेल्या एकूण रकमेशी जुळत नव्हती.

"दादा, दोन हजाराचा फरक आहे. पुढच्या ग्रामसभेत भाऊसाहेबांना सोडायचं नाही," एकजण म्हणाला.

मी म्हटलं, "सोडू नका, पण आधी हे दोन हजार खरंच आहेत का, ते बघू."

त्या तक्त्यातले खरे आकडे इथे देत नाही. समजायला सोपं जावं म्हणून तशाच स्वरूपाचे माझे आकडे घेतो. समजा पाच कामं आहेत आणि त्यांवर प्रत्यक्ष झालेला खर्च असा आहे:

पाइपलाइन: 3,84,600 रुपये
गटार: 2,74,700 रुपये
शाळेची शौचालय दुरुस्ती: 1,26,800 रुपये
अंगणवाडीचं रंगकाम: 48,700 रुपये
पाण्याच्या टाकीची डागडुजी: 95,600 रुपये

एकूण 9,30,400 रुपये. ही बेरीज तुम्हीही करून बघा.

आता हाच तक्ता लाखात दाखवला की असा दिसतो: 3.85, 2.75, 1.27, 0.49, 0.96 आणि खाली एकूण 9.30. पण वरचे पाच आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवले तर येतात 9.32. दोन शतांश लाख म्हणजे दोन हजार रुपये. ते कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. ते कधी नव्हतेच.

हे कसं होतं ते कळण्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी लागते. एक्सेलच्या प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आत साठवलेला आकडा आणि दुसरी म्हणजे तो आकडा तुम्हाला कसा दाखवायचा याची सूचना. या सूचनेला फॉरमॅट म्हणतात. फॉरमॅट बदलला की दिसणं बदलतं, आतला आकडा तोच राहतो. 3,84,600 ला तुम्ही 3.85 म्हणून दाखवलंत तरी आत 384600 च असतं. चौकटीवर क्लिक करा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण रक्कम दिसेल.

आणि बेरीज होते ती आतल्या आकड्यांची, दिसणाऱ्या आकड्यांची नाही. म्हणजे एक्सेलने 9,30,400 ही बरोबर बेरीज केली आणि ती 9.30 म्हणून दाखवली. कॅल्क्युलेटरवर मात्र आपण पाच पूर्णांकित आकडे मिळवले. पाचही आकडे वरच्या हजाराकडे सरकलेले होते: 400, 300, 200, 300 आणि 400 रुपयांनी, म्हणजे मिळून 1,600. शिवाय एकूण रक्कम 9,30,400 होती, ती 400 रुपयांनी खाली सरकून 9.30 झाली. 1,600 आणि 400 मिळून 2,000. हेच ते दोन हजार.

इथे कुणी म्हणेल, मग लाखात दाखवायचंच कशाला? दाखवावं लागतं. मोठे आकडे शेजारी शेजारी लिहिले की वाचणाऱ्याची नजर चुकते. राज्य सरकारच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतही रकान्यावर "रुपये हजारांत" असं लिहिलेलं असतं. केंद्राचा अर्थसंकल्प कोटींत असतो. कंपन्यांच्या ताळेबंदाला तर कायदाच आहे. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 3 मध्ये आकडे कोणत्या एककात पूर्णांकित करायचे ते सांगितलेलं आहे आणि एकदा एक एकक निवडलं की ते सगळीकडे तेच वापरायचं, असंही बजावलेलं आहे. म्हणजे लाखात दाखवणं ही लपवाछपवी नाही. लपवाछपवी होऊ शकते, पण ती वेगळ्या ठिकाणी. तिच्याकडे येतोच.

त्याआधी ज्यांना हा तक्ता स्वतः करायचा आहे त्यांच्यासाठी कृती. एक्सेलमध्ये आकड्यांच्या चौकटी निवडा आणि `Ctrl+1` दाबा. `Number` या टॅबखाली सगळ्यात शेवटी `Custom` आहे. `Type` च्या खिडकीत सूचना लिहायची. हजारात दाखवायचं असेल तर काम सोपं आहे:

```
#,##0,
```

शेवटचा स्वल्पविराम महत्त्वाचा. अंकांच्या मधला स्वल्पविराम फक्त गट पाडतो, पण अंकांच्या शेवटी लिहिलेला प्रत्येक स्वल्पविराम दाखवताना हजाराने भागतो. एक लिहिला की हजारात, दोन लिहिले की दशलक्षात. ही सोय हजार आणि मिलियन मोजणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे. आपली अडचण इथेच सुरू होते. लाख म्हणजे एकावर पाच शून्यं. स्वल्पविराम तीन-तीन शून्यं उडवतो, त्यामुळे नुसत्या स्वल्पविरामांनी पाच शून्यं कधीच उडत नाहीत. एकाने तीन जातात, दोघांनी सहा. पाच मध्येच राहतात.

मग आपल्याकडचे हिशेबनीस एक युक्ती वापरतात:

```
0\.00,
```

हिची फोड करून सांगतो, कारण बरेच जण ही ओळ कुठून तरी उचलून चिकटवतात आणि ती काय करते ते त्यांना ठाऊक नसतं. शेवटच्या स्वल्पविरामाने 384600 ला हजाराने भागलं, 384.6 आलं. दशांश अंक मागितलेले नाहीत, म्हणून ते 385 झालं. आता या 385 च्या शेवटच्या दोन अंकांआधी एक टिंब छापायचं. उलटी तिरपी रेघ सांगते की हे टिंब दशांशचिन्ह म्हणून घेऊ नकोस, अक्षर म्हणून नुसतं छाप. झालं 3.85. अंगणवाडीचे 48,700 म्हणजे 49, पण तीन शून्यांच्या जागा ठेवलेल्या असल्यामुळे ते 049 धरलं जातं आणि 0.49 छापलं जातं. म्हणजे हे टिंब खरं दशांशचिन्ह नाही, दशांशचिन्हाचं सोंग आहे. पण उत्तर बरोबर येतं.

आकड्यापुढे "लाख" हा शब्दही हवा असेल तर असं लिहा:

```
0\.00," लाख"
```

सोंगाच्या मर्यादाही आहेत. एक, दोनच दशांश स्थळं मिळतात, कारण आधीच हजारापर्यंत पूर्णांकन झालेलं असतं. दोन, या सूचनेत गट पाडणारा स्वल्पविराम घालायचा नाही. `#,##0\.00,` असं लिहिलं आणि रक्कम बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार असली, तर 1234.56 च्या जागी 123,4.56 असलं काहीतरी विचित्र दिसतं. स्वल्पविराम शेवटच्या अंकापासून तीन मोजतो, आपलं छापील टिंब त्याला माहीतच नसतं. तीन, हीच युक्ती कोटीसाठी केली तर `0\.0,,` असं लिहावं लागतं आणि एकच दशांश स्थळ मिळतं. मग शेवटचा अंक दहा लाखांचा होतो. ग्रामपंचायतीच्या तक्त्यात दहा लाखांचा अंदाजपंचे चालत नाही. तिथे कोटी वापरूच नये.

आता मुख्य मुद्दा. बेरजेतला फरक दिसला की तो पूर्णांकनाचा आहे की खरा, हे कसं ओळखायचं? याला एक साधी कसोटी आहे आणि त्यासाठी एक्सेल फाइल हातात असण्याची गरज नाही, छापलेला तक्ता पुरतो.

लाखात दोन दशांश स्थळं दाखवली असतील तर शेवटचा अंक एक हजाराचा असतो. म्हणजे कुठलीही ओळ खऱ्या रकमेपासून जास्तीत जास्त 500 रुपयांनी इकडेतिकडे असू शकते. ओळी पाच असतील तर पाच गुणिले पाचशे, म्हणजे 2,500. एकूण रकमेचं स्वतःचं पूर्णांकन आणखी 500. मिळून 3,000, म्हणजे 0.03 लाख. पाच ओळींच्या तक्त्यात यापर्यंतचा फरक नुसत्या पूर्णांकनाने पडू शकतो. यापेक्षा जास्त फरक पूर्णांकनाने पडूच शकत नाही. वीस ओळी असतील तर मर्यादा 10,500 रुपये.

त्या दोघांना हे करून दाखवलं. दोन हजाराचा फरक तीन हजाराच्या आत होता. मग आम्ही पूर्ण रुपयांतले आकडे मागवले, तर सगळं जुळलं. अर्थात एक लक्षात ठेवा. फरक मर्यादेच्या आत आहे म्हणजे हिशेब शुद्ध आहे असं सिद्ध होत नाही. फक्त एवढंच ठरतं की त्या फरकावरून कुणाला चोर म्हणता येत नाही.

ही कसोटी उलटीही चालवून बघा. समजा तक्ता लाखाच्या फॉरमॅटमध्ये तयार आहे आणि पाइपलाइनची रक्कम भरायची राहिली आहे. ऑपरेटर शीर्षक वाचतो, "आकडे लाखांत", आणि भरतो 3.85. चौकटीत दिसतं 0.00, कारण एक्सेलच्या लेखी ते तीन रुपये पंच्याऐंशी पैसे आहेत. त्याला वाटतं संगणक बिघडला. मग तो त्या एकाच चौकटीचा फॉरमॅट बदलून साधा करतो. आता 3.85 दिसतं. वरपासून खालपर्यंत रकाना अगदी नीट दिसतो, पण बेरजेत तीन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशेच्या जागी पावणेचार रुपयांच्या आसपास धरले जातात. एकूण दिसते 5.46.

कॅल्क्युलेटरवर 9.32, खाली छापलंय 5.46. फरक 3.86 लाख. मर्यादा होती 0.03. म्हणजे हे पूर्णांकन नव्हे. आणि फरक कुठल्या ओळीच्या जवळपास आहे ते बघा: 3.86 आणि पाइपलाइन 3.85. चूक त्याच ओळीत आहे, शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. हाच फरक कुणी मुद्दाम करून ठेवला असेल, एखादं काम ओळीत दाखवून बेरजेतून गाळलं असेल, तरी तो याच कसोटीत सापडेल. मघाशी लपवाछपवी वेगळ्या ठिकाणी असते म्हटलं ते हे.

फाइल हातात असेल तर आणखी सोपं. कीबोर्डवर `Esc` खालची तिरप्या टिंबाची कळ `Ctrl` बरोबर दाबा, म्हणजे `` Ctrl+` ``. सगळे फॉरमॅट बाजूला होतात, आकडे आत जसे आहेत तसे दिसतात आणि बेरजेच्या जागी सूत्र दिसतं. पाच मोठ्या आकड्यांच्या मध्ये एकटाच 3.85 बसलेला लगेच डोळ्यात भरतो. एकूण रकमेच्या जागी `=SUM(C2:C6)` दिसतंय की हाताने टाइप केलेला आकडा दिसतोय, हेही इथेच कळतं. तीच कळ परत दाबली की तक्ता पूर्ववत.

आता प्रवासात काय होतं ते बघा. आपल्याकडे तक्ता एक्सेल म्हणून क्वचित फिरतो. तो पीडीएफ होतो, फोटो होतो, मेसेज होतो. फॉरमॅटमुळे आतली पूर्ण रक्कम शाबूत राहते हे खरं, पण फक्त एक्सेल फाइलमध्ये. फोटोत आत असं काही नसतं, जे दिसतं तेवढंच. कॉपी करून व्हॉट्सॲपला चिकटवलं तरी 3.85 च जातं. सगळ्यात फसवं आहे ते `CSV` म्हणून सेव्ह करणं. लोकांना वाटतं त्यात मूळ आकडे जातात. नाही. एक्सेल त्यात दिसणारा आकडा लिहितं. लाखाचा फॉरमॅट लावून `CSV` केली आणि मूळ फाइल उडवली, तर 384600 कायमचे गेले, उरले फक्त 3.85.

मग कुणीतरी त्या 3.85 ला लाखाने गुणतो आणि म्हणतो, "कागदावर 3,85,000 आहेत, बँकेतून 3,84,600 गेलेत, वरचे 400 कुणाच्या खिशात?" प्रश्न विचारणारा खोटारडा नसतो. त्याच्या हातात दिलेला कागदच त्याला या प्रश्नाकडे नेतो. म्हणून याची जबाबदारी मी तक्ता काढणाऱ्यावर टाकतो, वाचणाऱ्यावर नाही.

काही जण विचारतील, फॉरमॅटची भानगड कशाला, रक्कम सरळ लाखाने भागून टाकावी. भागायला हरकत नाही, पण वेगळ्या रकान्यात. मूळ रकान्यातच भागाकार केला तर एका पानावर रुपये, दुसऱ्या पानावर लाख असं होतं. आणि दोन्ही पानं जोडणारं एखादं सूत्र मुकाट्याने रुपयांत लाख मिळवतं. एक्सेलला एकक कळत नाही, फक्त आकडा कळतो. फॉरमॅटचा फायदा हाच, की आत सगळीकडे रुपयेच राहतात.

माझ्या मते गावाच्या तक्त्याची रीत अशी असावी. एका रकान्यात रक्कम पूर्ण रुपयांत भरायची, रोकड वहीत, म्हणजे नमुना 5 मध्ये आहे तशीच. शेजारच्या रकान्यात काहीही टाइप करायचं नाही. तिथे फक्त `=C2` असं लिहून तीच रक्कम आणायची आणि त्याला लाखाचा फॉरमॅट द्यायचा. दोन्ही रकाने छापायचे. ज्याला अंदाज हवा तो लाखाचा रकाना वाचेल, ज्याला पासबुकाशी ताळा करायचा आहे तो रुपयांचा. खाली एक ओळ: "लाखातील आकडे जवळच्या हजारापर्यंत पूर्णांकित आहेत, त्यामुळे बेरजेत किरकोळ फरक दिसू शकतो." किती फरक दिसेल तेही लिहिता येतं. पूर्णांकित ओळींची बेरीज काढायचं सूत्र हे:

```
=SUMPRODUCT(ROUND(C2:C6,-3))
```

आपल्या उदाहरणात याचं उत्तर येतं 932000. खरी बेरीज 930400. दोन्ही शेजारी छापले तर भांडणाला जागाच उरत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. बेरीज जुळावी म्हणून 9.30 खोडून हाताने 9.32 लिहू नका. मी हे पाहिलेलं आहे. दिसायला तक्ता गोड होतो, पण आता छापील एकूण रक्कम खऱ्या खर्चापेक्षा 1,600 ने जास्त आहे आणि सूत्रही गेलं. उद्या एखादी ओळ दुरुस्त केली तरी ही बेरीज हलणार नाही. चुकीचा नसलेला तक्ता आपणच चुकीचा करून ठेवतो.

त्या दोन तरुणांपैकी एकाने शेवटी जे विचारलं ते मला आवडलं. तो म्हणाला, "म्हणजे दादा, आम्ही ग्रामसभेत विचारायचंच नाही का?"

विचारायचं. नक्की विचारायचं. पण "दोन हजार कुठे गेले" हे विचारू नका, त्याचं उत्तर भाऊसाहेब एका वाक्यात देतील आणि तुम्ही खाली बसाल. मग खरा प्रश्न असला तरी पुन्हा उठायला तोंड राहणार नाही. विचारायचं ते असं: पूर्ण रुपयांतला रकाना कुठे आहे? एकूण रक्कम सूत्राने आलेली आहे की हाताने लिहिलेली? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले, आणि 40 टक्के अबंधित अशी वाटणी होती, तर ही पाच कामं कुठली कुठल्या भागातली? या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर नाही. त्यांना कागद काढावे लागतात.

आणि भाऊसाहेबांनाही हात जोडून सांगणं आहे. लाखातला एकटा रकाना ग्रुपवर टाकू नका. शेजारी रुपये द्या. पाच मिनिटांचं काम आहे, त्या पाच मिनिटांनी तुमचीच ग्रामसभा शांतपणे पार पडेल.

तुमच्या गावच्या तक्त्यावर ही कसोटी लावून बघा: ओळींची संख्या अधिक एक, गुणिले पाचशे. फरक त्याच्या आत असेल तर चहा पिऊन घरी जा. बाहेर असेल तर आधी त्या फरकाएवढी ओळ तक्त्यात आहे का ते शोधा, आणि मग ग्रामसभेला जा.